तोच चमचा, वेगळं मूल

(दृश्य: अंधारी खोली, पलंगावर झोपलेलं बाळ, उशाशी औषधाची बाटली.)

रात्रभर खोकणारं मूल औषधाचा एक चमचा घेऊन शांत झोपलं, की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण ही झोप कशाची आहे, ते बाटलीवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

तिथे ‘कोडीन’ असेल, तर ते अफूच्या कुळातलं औषध आहे. यकृतातलं एक एन्झाइम त्याच्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं, आणि खरा जोर त्या मॉर्फिनचा असतो. हे एन्झाइम कुणाचं किती वेगाने चालेल, ते जन्मतःच ठरलेलं असतं. काहींच्या शरीरात त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्यात मॉर्फिन झपाट्याने आणि जास्त तयार होतं. मुलाकडे बघून हे कुणालाही सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

२००९ साली वैद्यकीय नियतकालिकात एक नोंद आली. दोन वर्षांचा, १३ किलो वजनाचा मुलगा. झोपेत श्वास अडायचा म्हणून त्याच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं. दुखू नये म्हणून घरी कोडीनचं सिरप सुरू होतं, १० ते १२.५ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी. दुसऱ्या रात्री त्याला ताप आला, श्वासाला घरघर लागली. सकाळी तो गेलेला होता. तपासणीत त्याच जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. औषध खोकल्यासाठी नव्हतं, पण कोडीन तेच.

(दृश्य: झोपलेल्या बाळाची वरखाली होणारी छाती, जवळून.)

रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदू श्वास वाढवतो. मॉर्फिन ही जाणीवच बोथट करतं. लहान मुलाची श्वासनलिका आधीच अरुंद, त्यात सर्दीचा कफ. तो बाहेर टाकायचं काम खोकला करत असतो, आणि आपण नेमका तोच दाबतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असं बजावलं. २०१८ मध्ये खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधांसाठी ही मर्यादा १८ वर्षांवर नेली.

‘प्रोमेथाझिन’ अफूच्या कुळातलं नाही, ते गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध. तरीही दोन वर्षांखालील मुलांचा श्वास त्यानेही थांबू शकतो. तसा ठळक इशारा २००४ मध्येच दिला गेला. दोन्ही एकाच बाटलीत असली, तर एकाच्या गुंगीत दुसऱ्याची भर पडते.

असं औषध पोटात गेलेलं मूल हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास उथळ किंवा थांबत-थांबत चालत असेल, ओठ निळसर किंवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि बाटली सोबत न्या. कोडीनवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, प्रोमेथाझिनवर तो चालत नाही. पोटात काय गेलंय, हे डॉक्टरांना त्या बाटलीवरूनच कळेल.