रस्त्याच्या डिझाइन रिपोर्टात सरासरी कुठं दगा देते

नमस्कार मंडळी. मागं टेबलावर जी फाईल दिसतेय ना, ती निपाणीच्या बाजूच्या एका साडेतीन किलोमीटर रस्त्याच्या रिपोर्टाची. जुनी पाणंद होती. वरच्या माळावरून निघायची आणि वेदगंगा नदीकडच्या उसाच्या मळ्यात उतरायची. हा रिपोर्ट पहिल्यांदा मीच चुकवला होता, म्हणून सांगायला हक्काचा आहे.

आधी चढ बघू. मळा आणि माळ यांत 24 मीटरचा फरक. पाणंद 300 मीटरात सरळ वर चढायची, म्हणजे 8 टक्के. सपाट आणि उंचसखल मुलखात आयआरसी, म्हणजे रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस, 3.3 टक्के चढ धरायला सांगते, नाइलाज असेल तर 5 पर्यंत. इथं भरलेला ऊस खालून वर येतो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर 8 टक्क्यांच्या चढावर पुढची चाकं उचलतो, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं असेल.

3.3 टक्के ठेवायचे तर सुमारे 730 मीटर लांबी लागते. तेवढं वळवायचं तर दोन विहिरी आणि एक घर आड येतं. म्हणून बांधाच्या कडेनं, उताराला तिरकं जात, 520 मीटरांची आखणी घेतली. 24 भागिले 520, म्हणजे 4.6 टक्के. पाचाच्या आत! मी खूश. रिपोर्टात 'सरासरी चढ 4.6' लिहून मोकळा झालो.

तपासणाऱ्या साहेबांनी पेन्सिलीनं एकच खूण केली, वळणावर. 40 किलोमीटर वेगाला किमान 60 मीटर त्रिज्या लागते, ती दिली होती. पण वळणात ट्रॅक्टरची ताकद वळण्यातही जाते, म्हणून तिथं चढ कमी करावा लागतो. 75 भागिले त्रिज्या, म्हणजे 1.25 टक्के सूट. पाचातून वजा केले की 3.75, मात्र 4 च्या खाली जायची सक्ती नाही. मग वळणाच्या 120 मीटरांत 4 टक्के धरले, तिथं 4.8 मीटर चढलो. उरलेले 19.2 मीटर 400 मीटरांत, म्हणजे 4.8 टक्के. लांबी तीच, उंची तीच, पण आता वळणावर ट्रॉली मागं ओढत नाही.

आता जाडी. इथली चूक जास्त महागात पडते.

माळावर मुरूम. सीबीआर म्हणजे माती किती भार पेलते ते सांगणारा आकडा. चार दिवस पाण्यात भिजवून काढलेला इथला सीबीआर 9. खाली काळी माती, आमचा कन्नड सर्वेअर तिला एरेमण्णू म्हणतो. तिचा सीबीआर 3. दोन्हींची सरासरी 6, आणि त्या सहावर अख्ख्या रस्त्याला एकच जाडी. असले रिपोर्ट मी ढिगानं बघितलेत. सहा सीबीआरची माती त्या रस्त्यावर कुठंच नाही हो! माळावर खडी वाया जाते आणि मळ्यात रस्ता बसतो.

बसतोय हे ओळखायचं कसं? एप्रिल-मेमध्ये डांबराच्या कडेपासून दीड-दोन फूट आत, रस्त्याच्या लांबीला धरून चीर पडते. काडेपेटीची काडी सरळ आत जाते. कडेची माती वाळून आकसते, मधली ओलीच राहते. पहिल्या पावसात पाणी त्या चिरेतून खाली जातं आणि माती पुन्हा फुगते. नुसती वर खडी वाढवून हे थांबत नाही.

म्हणून रस्ता दोन तुकड्यांत धरला. मळ्याच्या तुकड्यात एकूण जाडी माळापेक्षा सुमारे 100 मिलिमीटर जास्त घेतली. खालच्या मातीचा वरचा थर चुना मिसळून दाबला. आणि खालचा मुरूम-खडीचा थर डांबराच्या रुंदीवर न थांबवता बाजूपट्टीखालून थेट गटारीच्या उतारापर्यंत नेला. तो आत थांबवला की बाजूपट्टीची माती बांधासारखं पाणी अडवते.

वाहनमोजणीचंही तेच. जूनमध्ये तीन दिवस मोजलं तर मोटारसायकली आणि दुधाचा टेम्पो. उसाच्या हंगामात त्याच जागी उभे राहा, ट्रॉल्यांची रांग संपत नाही. म्हणून मोजणी दोन्ही वेळी हवी, आणि ट्रॉल्या भरलेल्या-रिकाम्या वेगळ्या लिहायच्या. 8.16 टन वजनाचा एक्सल रस्त्यावरून एकदा गेला की एक फेरा धरतात. त्यावर सव्वापट वजन टाकलं तर नुकसान सव्वापट होत नाही, 1.25 चा चौथा घात, म्हणजे जवळपास 2.44 पट. ट्रॉलीवर वरचा एक थर ऊस जास्त चढवला की रस्त्याला एका फेऱ्याचे जवळपास अडीच फेरे पडतात.

रिपोर्ट तुमच्या हातात आला तर आधी सीबीआरचा तक्ता उघडा आणि नमुने कुठल्या साखळीवर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर, काढलेत ते बघा. सगळे माळावरचेच असतील, तर नमुने घेणारा गाडीतून खाली उतरलाच नाही.