डाळीचा कट्टा आणि भिंतीवरचं कॅलेंडर

नमस्कार श्रोतेहो. घरभाडं, हप्ता, मुलांची फी हे आकडे महिन्याच्या मधेच आपल्याला हलवता येत नाहीत. स्वयंपाकघराचा खर्च मात्र येत्या सोमवारपासून बदलता येतो, आणि तो लहानही नसतो. 2023-24च्या सरकारी खर्च पाहणीत ग्रामीण घरांच्या खर्चातला सुमारे 47 टक्के आणि शहरी घरांतला जवळजवळ 40 टक्के भाग खाण्यापिण्याचा निघाला.

मग आपण म्हणतो, घाऊक घेऊ, वर्षाचं भरून ठेवू. मीही तेच केलं होतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, नवीन तूरडाळ बाजारात आली. किरकोळ भाव 110 रुपये, पन्नास किलोचा कट्टा घेतला तर 98. घरात आम्ही चौघं. मी हिशेब केला, रोज एक वाटी डाळ, म्हणजे 150 ग्रॅम. वर्षाची झाली साधारण 55 किलो. कट्टा अगदी बरोबर बसत होता, आणि 600 रुपये वाचत होते. कट्टा घरी आला, डाळ दोन पिंपांत भरली.

श्रावणात एकदा दुसऱ्या पिंपात हात घातला, तर आत ऊब लागली. श्रोतेहो, ही खूण लक्षात ठेवा. साठवलेली डाळ किंवा गहू आतून कोमट लागले, तर तिथे कीड वाढतेय असं समजावं. तळाशी बारीक पीठ साचलं होतं, डाळीला भोकं पडली होती, कुबट वास येत होता. 14 किलो डाळ टाकावी लागली. बाकीची चाळली, निवडली, आणि पावसात ऊन नाही म्हणून कढईत कोरडी भाजून नणंदेकडे आणि शेजारी वाटली. वाचवले होते 600, आणि टाकली जवळजवळ 1400 रुपयांची डाळ.

माझ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. दुधाच्या खाड्यांशेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘डाळ उघडली’. दोन किलोचा डबा ज्या दिवशी उघडला, ती तारीख. पुढची तशी नोंद थेट महिन्याभराने.

म्हणाल्या, “अगं, तू रोज तूरडाळीचं वरण करतेस का? सोमवारी मूग, बुधवारी पिठलं, शुक्रवारी मटकीची उसळ, रविवारी कढी. तुरीचं वरण आठवड्यातून तीनदाच होतं.”

महिन्याला 2 किलो, वर्षाला 24. मी निम्म्याहून जास्त डाळ उगाच आणली होती. पुन्हा सांगते, श्रोतेहो. आधी आठवड्याचा बेत, मग डबा उघडल्याची तारीख, आणि सगळ्यात शेवटी कट्टा. आधी बेत, मग कट्टा.

आता आम्ही तीन घरं मिळून एक कट्टा आणतो आणि जिन्यातच तराजूवर वाटून घेतो. डाळीला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल चोळायचं, दोन दिवस कडक ऊन द्यायचं, आणि पूर्ण गार झाल्यावरच भरायची. गरम डाळ भरली की झाकणाच्या आत घाम धरतो, आणि कीड तिथूनच सुरू होते. रवा, बेसन, शेंगदाणे मात्र मी महिन्यापुरतेच आणते. रव्यात जाळी होते, दाणे खवट होतात. आणि पीठ? पीठ गिरणीतूनच दळून आणावं, या मताची मी आहे. ताज्या पिठाच्या पोळीची चव पाकिटातल्या पिठाला येत नाही. असो.

वर्षभराच्या त्या 24 किलोंत, तेव्हाच्या भावाने, वाचतात 288 रुपये. ही रक्कम मोठी नाही. जास्त पैसे वाचतात ते बेतामुळे भाजी फुकट जात नाही म्हणून. आमचा बाजार रविवारी. मेथी, पालक सोमवारी आणि मंगळवारीच संपवायचे. मग वांगी, भेंडी. गुरुवारी कोबी. गुरुवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. शनिवारी बटाटा, कारण बटाटा थांबतो, मेथी थांबत नाही. हेही पुन्हा सांगते, जे आधी खराब होतं, ते आधी शिजवायचं. हा क्रम धरल्यापासून पिवळी पडलेली जुडी आमच्या घरातून टाकली गेलेली नाही, आणि आठवड्याच्या मधे भाजीवाल्याकडे धावावं लागत नाही.

सासूबाई आता नाहीत. त्यांचं ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय, आणि नवीन कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, माझ्या अक्षरात या महिन्याच्या 6 तारखेला लिहिलंय, ‘डाळ उघडली’.

नमस्कार.