सोळा-ए मध्ये 24,000, सव्वीस-एएस मध्ये 18,000! उरलेला टीडीएस गेला कुठं?

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये सारखा एकच प्रश्न येतोय: "सर, टीडीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे सोळा-ए हातात आहे, पण 26AS मध्ये रक्कम कमी दिसते." इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून 26AS कसं उघडायचं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून थेट उदाहरणावर येतो.

माझा मामेभाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला डिझाइन करून देतो. 2024-25 मध्ये दर तिमाहीला 60,000 चं बिल आणि 10 टक्के टीडीएस, म्हणजे वर्षाचे 24,000. पण 26AS मध्ये 18,000च होते, ऑक्टोबर ते डिसेंबरचे 6,000 गायब. कारखान्यात फोन केला तर अकाउंटंट म्हणाला, "चलन भरलंय की ओ!"

इथंच सगळे फसतात. चलन भरल्यानं पैसे सरकारकडे गेले, पण ते कारखान्याच्या टॅनवर, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याला मिळालेल्या नंबरवर. त्यातले 6,000 कुणाचे, हे चलन सांगत नाही. ते सांगतं कारखान्याचं तिमाही टीडीएस रिटर्न, म्हणजे 26Q. त्यात पॅनचं एक अक्षर चुकलं की तुमच्या नावावर काहीच येत नाही. म्हणून चलनाची पावती व्हॉट्सॲपवर पाठवली तर "बरं" म्हणून गप्प बसू नका. रिटर्न दुरुस्त झालं का, तेवढंच विचारा.

आता त्याचं सर्टिफिकेट बघितलं, तर ते एक्सेलमध्ये टाइप केलेलं! मला याचाच राग येतो. खरं सोळा-ए ट्रेसेस या इन्कम टॅक्सच्या टीडीएस पोर्टलवरूनच निघतं, त्यावर सर्टिफिकेट नंबर असतो, आणि ते त्याच 26Q मधून तयार होतं. पॅन चुकलेला असेल तर तुमच्या पॅनवर त्या तिमाहीचं सोळा-ए निघूच शकत नाही. म्हणून हातानं बनवून दिलं असावं.

आम्ही ईमेल केला: बरोबर पॅन, तिमाही, बिलाची तारीख, रक्कम, कापलेला टीडीएस, आणि "26Q चं करेक्शन स्टेटमेंट भरून टोकन नंबर कळवा." टोकन नंबर मागाच, तो नसेल तर दुरुस्ती दाखल झालेलीच नाही. त्यांच्या टॅक्सवाल्यानं ट्रेसेसवरून कॉन्सो फाइल, म्हणजे आधी भरलेल्या रिटर्नची फाइल काढली, तिसऱ्या तिमाहीतला पॅन सुधारून परत भरली. प्रोसेस व्हायला काही दिवस लागले. मग 26AS मध्ये 6,000 आले, समोर स्टेटस F, म्हणजे फायनल. U दिसलं तर चलनाचा मेळ बसलेला नाही, तेव्हा परत कारखान्याकडेच जावं लागतं.

एका ताईंनी विचारलंय, "मी माझं इन्कम टॅक्स रिटर्न आधीच भरलंय, आता डिमांड आली." ताई, रिटर्नमध्ये पूर्ण टीडीएस दाखवला असेल तर घाईनं डिमांड भरू नका. आधी पोर्टलवर डिमांडला असहमती नोंदवा, टीडीएस कापणाऱ्याकडून दुरुस्ती करून घ्या, आणि 26AS मध्ये रक्कम दिसली की रेक्टिफिकेशन टाका.