बिलात न ठरलेले पैसे लागून आले, तर व्हेंडरला काय लिहायचं?

नमस्कार मंडळी! आज एकच बिल घेऊन बसू. समजा, नागपूरजवळच्या वाडीत तुमचा सावजी मसाल्याचा छोटा कारखाना आहे आणि छापील पाऊच हिंगणा एमआयडीसीतून येतात. पीओ होती 200 किलोची, 260 रुपये किलो, माल पोच. म्हणजे 52,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 61,360. बिल आलं 67,024 चं! आत दोन नव्या ओळी: गाडीभाडं 1,800 आणि अर्जंट चार्ज 3,000. त्यांच्यावरचा जीएसटी धरून 5,664 रुपये जास्त.

लगेच फोन उचलून "हे काय लावलं भाऊ?" असं विचारू नका. आधी आपलं घर तपासा. पीओ काढा, व्हॉट्सॲप चाळा, स्टोअरवाल्याला आणि सुपरवायझरला विचारा. बहुतेक वेळा इथेच काहीतरी सापडतं. आपल्या उदाहरणात सापडलं असं, की सुपरवायझरनेच फोन करून "शुक्रवारपर्यंत पाठवाच" म्हटलं होतं. पैशाचं बोलणं मात्र झालं नव्हतं. म्हणजे दोन्ही ओळी सारख्या नाहीत. गाडीभाडं सरळ पीओच्या विरुद्ध आहे, अर्जंटमध्ये थोडा हात आपलाही आहे. दोन्हींना एकाच दमात "मान्य नाही" म्हटलं, तर समोरचा त्या फोनची आठवण करून देईल आणि भाड्याचा साधा मुद्दाही अडकेल.

आता मालकाला फोन करा, अकाउंटंटला नाही. बिल बनवणाऱ्याला तुमचं काय ठरलं ते अनेकदा माहीतच नसतं, मागच्या बिलातली भाड्याची ओळ तशीच पुढे येते. फोन झाला की त्याच दिवशी लेखी पाठवा. साधारण असं:

"नमस्कार भाऊ. माल मिळाला, छपाई चांगली आली. बिलाबद्दल दोन गोष्टी. पीओत दर पोच धरून ठरला होता, त्यामुळे गाडीभाड्याचे 1,800 कमी करावे लागतील. अर्जंट आमच्याकडूनच सांगितलं होतं, पण रक्कम ठरली नव्हती. 3,000 कसे धरले ते कळवाल का? ठरलेले 61,360 आज पाठवतो आहे, याच बिलापोटी जमा करा. बाकीचं बोलून मिटवू."

यात "चुकीचं बिल" हा शब्द नाही, पाहा. आणि 61,360 अडवलेले नाहीत. नागपुरात बरेच जण इथेच घोळ करतात: पाच हजारांच्या वादात पूर्ण बिल दाबून बसतात. व्हेंडर उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग असेल, तर लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. मालाबद्दल हरकत असेल तर तीही माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी नोंदवावी लागते. म्हणून बिलाची हरकतही त्याच मुदतीत लिहून टाका, फोनवरचं बोलणं तिथे धरत नाहीत.

दुसरा घोळ म्हणजे काही न सांगता पैसे कापून पाठवणं. तुम्हाला वाटतं विषय संपला. त्याच्या खात्यात मात्र 5,664 बाकी दिसत राहतात आणि दिवाळीच्या ऑर्डरला तो म्हणतो, "आधी जुनं क्लिअर करा."

समजा, मालकाने सांगितलं की रात्रपाळी लावली, ऑपरेटरला ओव्हरटाइम दिला. पटण्यासारखं आहे. 1,500 वर मिटलं, भाडं पूर्ण निघालं. म्हणजे 3,300 आणि त्यावरचा जीएसटी 594, मिळून 3,894 कमी झाले. तुम्हाला आणखी द्यायचे 1,770.

हे तोंडी मिटवून सोडू नका. व्हेंडरचं जीएसटीआर-1 अजून भरलं गेलं नसेल, तर बिल बदलून घेणं सोपं. दरमहा भरणाऱ्यांसाठी ती तारीख पुढच्या महिन्याची 11. भरून झालं असेल, तर 3,894 ची क्रेडिट नोट मागा, त्यात मूळ बिलाचा नंबर आणि जीएसटी वेगळा दाखवलेला हवा. त्यातल्या जीएसटीएवढं, म्हणजे 594 चं इनपुट क्रेडिट तुम्हालाही कमी करावं लागतं, हे तुमच्या सीएंना सांगून ठेवा. आणि वाद चालू असताना जीएसटी पोर्टलवर ते बिल रिजेक्ट करू नका. रिजेक्ट होतं ते पूर्ण बिल, फक्त भाड्याची ओळ नाही. शिवाय व्हेंडरला ते तिकडे दिसतं, फोनवर कितीही गोड बोललात तरी.

क्रेडिट नोट हातात आली की 1,770 लगेच पाठवा. पुढच्या पीओत दराखाली एक ओळ घाला: "दर पोच. अर्जंट किंवा इतर कोणताही जादा आकार माल पाठवण्यापूर्वी लेखी ठरवावा." आणि सुपरवायझरलाही ती ओळ वाचून दाखवा.