आठवडा वर, दिवस खाली, तास नुकताच वळलेला

साप्ताहिक, दैनिक आणि तासाचा असे तीन चार्ट शेजारी लावून बसणारे पुष्कळ जण आहेत. तिन्हींवर शेअर वर जाताना दिसला की ते खरेदी करतात. मोठ्या ट्रेंडच्या बाजूने व्यवहार करायचा तर तिन्ही चार्टनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे, असा त्यांचा समज असतो. आज मला या समजाबद्दल बोलायचं आहे, कारण चांगल्या शेअरमध्ये वाईट भावाला अडकण्याचं ते फार मोठं कारण आहे.

तिन्ही चार्ट एकाच वेळी वर कधी असतात, याचा विचार करा. साप्ताहिक तेजी बहुधा काही महिन्यांपासून चालू असते. दैनिक चार्टवरची चढण आठ-दहा दिवस होऊन गेलेली असते आणि तासाचा चार्टही वर धावत असतो. म्हणजे उसळीचा बराचसा भाग संपल्यावर आपण आत शिरतो. आपल्याला हवी ती स्थिती निराळी आहे: साप्ताहिक चार्ट वर, दैनिक चार्ट काही दिवस खाली आलेला आणि तासाचा चार्ट नुकताच पुन्हा वर वळलेला. मधला चार्ट विरुद्ध दिशेला गेला म्हणूनच आपल्याला भाव मिळतो.

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. शेअर काल्पनिक आहे, गणित खरं आहे. साप्ताहिक चार्टवर आधीचं शिखर ५९०, त्यानंतरचा तळ ५२०. मग शेअरने ५९० ओलांडले आणि ६४० चे नवे शिखर केले. वीस आठवड्यांची सरासरी ५६५ वर आहे आणि वर झुकलेली आहे. शिखरं चढती, तळ चढते, सरासरी चढती. साप्ताहिक चार्टकडून एवढंच उत्तर हवं होतं: इथे फक्त खरेदीचा विचार करायचा. सरासरी आडवी असती, तर हा शेअर मी इथेच सोडून दिला असता. आडव्या बाजारात तासाचा चार्ट दिवसाआड खुणा देतो आणि त्यातल्या बऱ्याच फसव्या निघतात.

आता दैनिक चार्ट. ६४० पासून शेअर आठ दिवसांत ५९६ पर्यंत उतरला. उतरताना व्हॉल्यूम रोज थोडा कमी होत गेला आणि जुन्या ५९० च्या शिखराच्या थोडं वर तो थबकला. घाईने कोणी विकत नाही, हे त्यातून कळतं. याउलट पडणाऱ्या दिवसांचा व्हॉल्यूम चढत्या दिवसांपेक्षा मोठा असता, किंवा दिवसाचा बंद भाव ५९० च्या खाली गेला असता, तर मी तासाचा चार्ट उघडलाच नसता. साप्ताहिक ट्रेंड मोडतो तेव्हा सुरुवातीला तो दैनिक चार्टवरच्या साध्या घसरणीसारखाच दिसतो. त्या वेळी साप्ताहिक चार्ट मागे असतो, आणि ही या पद्धतीची कायमची मर्यादा आहे.

तासाच्या चार्टवर ही घसरण जिन्यासारखी दिसते: तळ ६१२, ६०४, ५९६ आणि मधली शिखरं ६१८, ६०९. ५९६ नंतर भाव ६०७ पर्यंत गेला, परत आला, पण या वेळी ५९९ लाच थांबला. पहिल्यांदा तळ आधीच्यापेक्षा वर राहिला. मग तासाची एक कॅंडल ६०९ च्या वर, ६११ ला बंद झाली. ही आपली एन्ट्री. स्टॉपलॉस ५९६ च्या खाली, ५९४ ला. अंतर १७ रुपये.

भांडवल पाच लाख आहे आणि एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये गमवायची तयारी आहे, असं धरा. ५,००० ला १७ ने भागलं की २९४ शेअर येतात. ६४० चे शिखर २९ रुपये वर आहे, म्हणजे तिथपर्यंतच जोखमीच्या पावणेदोनपटीच्या आसपास मिळतं. हाच शेअर तिन्ही चार्ट वर असताना ६३८ ला घेतला असता, तर ५९४ चा स्टॉपलॉस ४४ रुपये दूर पडला असता, शेअर ११३ च घेता आले असते आणि डोक्यावर दोन रुपयांवर जुनं शिखर उभं असतं. आठवड्याच्या आधाराने नुसती दिशा ठरते. जोखीम किती, हे तासाच्या चार्टवरचा तळ ठरवतो.

तासाच्या कॅंडलबद्दल एक बारकावा सांगतो. आपला बाजार ९:१५ ते ३:३० चालतो. ९:१५ पासून मोजलं तर सहा पूर्ण तास होतात आणि ३:१५ ची सातवी कॅंडल पंधराच मिनिटांची राहते. चार्टवर ती बाकीच्यांइतकीच रुंद दिसते. तिच्या बंद भावावर मी एन्ट्री घेत नाही. सकाळची पहिली कॅंडल गॅपने ६०९ च्या वर उघडली, तरी दुसरा तास पूर्ण होऊ देतो.

साप्ताहिक कॅंडलची अडचण यापेक्षा मोठी आहे, कारण ती शुक्रवारी बाजार बंद होईपर्यंत पूर्णच होत नसते. जून २०२४ चा पहिला आठवडा आठवा. निफ्टी ३१ मे ला २२,५३१ च्या आसपास बंद झाला होता. सोमवारी, ३ जूनला, एक्झिट पोलनंतर तो २३,२६४ ला बंद झाला. ४ जूनला मतमोजणीच्या दिवशी २१,२८१ पर्यंत कोसळून २१,८८४ वर बंद झाला. त्या संध्याकाळी साप्ताहिक कॅंडल मागच्या आठवड्याच्या बंद भावापेक्षा साधारण साडेसहाशे अंकांनी खाली होती. पाहणाऱ्याला ट्रेंड मोडलाच असं वाटलं असतं. शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० ला बंद झाला आणि तीच कॅंडल खाली लांब शेपटी घेऊन मागच्या आठवड्याच्या वर संपली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मंगळवारी तुमचा स्टॉपलॉस लागला असेल, तर तो लागायलाच हवा होता. भांडवलाचं संरक्षण शुक्रवारपर्यंत थांबू शकत नाही. पण आठवड्याची दिशा मात्र शेवटच्या पूर्ण झालेल्या कॅंडलवरूनच वाचायची. बॅकटेस्टमध्येही नेमकी हीच चूक लपलेली असते. मंगळवारच्या एन्ट्रीला शुक्रवारचा बंद भाव दिसत असेल, तर निकाल सुंदर येतो आणि प्रत्यक्षात तो मिळत नाही. त्यामुळे चाचणीत नेहमी मागच्या आठवड्याची कॅंडल वापरा.

एन्ट्रीनंतर तासाचा चार्ट मी बंद करतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्या दिवशी तासाच्या कॅंडल खाली येऊन भाव ६०३ झाला, तर काहीच करायचं नाही. स्टॉपलॉस ५९४ लाच राहतो. दैनिक चार्टवर ५९६ पेक्षा वरचा नवा तळ तयार झाला, की तो त्या तळाखाली सरकवायचा. भाव पडल्यावर ‘साप्ताहिक चार्टवर आधार ५२० ला आहे’ म्हणत स्टॉपलॉस काढून टाकणं याच्या अगदी उलट. तिथे अंतर ९१ रुपयांचं होतं आणि त्या हिशोबाने शेअर ५४ च घ्यायला हवे होते. तुमच्याकडे असतात २९४.

नोकरी करणाऱ्याने दर तासाला चार्ट कसा बघायचा, हा प्रश्न मला हमखास विचारतात. आदल्या रात्री ६११ ट्रिगरची खरेदी ऑर्डर लावून ठेवता येते. मात्र ती भाव नुसता शिवला तरी लागते, तास बंद व्हायची वाट पाहत नाही. त्यामुळे थोड्या जास्त एन्ट्री फसतील, हे धरून चाला. पसंतीचं विचाराल तर मी ६०९ चा अलर्ट लावायला सांगेन आणि तो वाजला की १५ मिनिटांच्या काट्यावर, म्हणजे ११:१५, १२:१५ असं, एकदाच बघायला सांगेन.