कपाळावरची रेघ

नमस्कार श्रोतेहो. कुरळे केस बारीक ठेवणाऱ्यांनी कपाळावरची आणि कानशिलांची रेघ, म्हणजे केस सुरू होतात ती कड, कशी साफ करायची, ते आज सांगतो. केस कोरडे हवेत, हे पहिलं. ओला कुरळा केस लांब होतो आणि वाळला की आखडतो, त्यामुळे ओल्यावर सरळ दिसलेली रेघ वाळल्यावर वाकडी निघते. म्हणून केस कोरडेच.

खानापूरकडच्या एका नवरदेवाची गोष्ट ऐका. हळदीला चार दिवस होते. बेळगावात खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पट्टीनं आखल्यासारखी लाइन मारा." कारागिरानं उजव्या कानशिलापासून सुरुवात केली. तिथला कोपरा जरा वर गेला, म्हणून डावा वर घेतला. मग डावा जास्त झाला, म्हणून पुन्हा उजवा. असं करत रेघ अर्धं बोट मागं गेली. त्या दिवशी फोटो झकास आले. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे चार दिवसांत मिलिमीटरभर. हळदीच्या दिवशी रेघेच्या पुढं काळ्या ठिपक्यांची दुसरी रेघ उभी! घरच्यांनी वस्तरा फिरवा म्हटलं. एका जाणत्या कारागिरानं ते मोडून काढलं. वस्तऱ्यानं तासलेला कुरळा केस वळून कातडीत शिरतो आणि पुटकुळ्या येतात. त्यानं ठिपक्यांना हात लावला नाही. रेघेमागच्या बोटभर पट्ट्यातले केस एक नंबरचा गार्ड लावून बारीक केले, त्यामुळे गडद आणि फिकं यांतला फरक मोडला. रेघ मूळ जागी यायला पुढं दोन-तीन आठवडे गेले.

 

तर सुरुवात कपाळाच्या मध्यापासून करायची, कानशिलापासून नाही. केस ज्या दिशेला उगवतात तिकडं विंचरा. कातडी ताणू नका, ताणली की रेघ सरकते. ट्रिमरचं पातं कातडीवर उभं टेकवायचं आणि लगेच उचलायचं, ओढायचं नाही. दाट केसांच्या बाहेर सुटे उगवलेले तेवढेच घ्यायचे. दाट केसांना पातं लागलं की थांबा.

कानशिलाचे केस मुळातच विरळ असतात. तिथं काटकोन कोरला की डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं दिसतं. पात्याच्या कोपऱ्यानं मोकळा गोलवा द्या, आणि कल्ल्याकडं उतरताना गार्ड एकावरून अर्ध्यावर आणून केस विरत न्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत. कमी-जास्त दिसली तर गुंजभर फरक राहू द्या, दुसरी बाजू कापून बरोबरी करू नका. खानापूरच्या पोराचं तिथंच चुकलं. पुन्हा सांगतो, आधी मध्य, मग कानशिलं, आणि केस कोरडे.