बिटाचा रंग कधी सुटतो?

[दृश्य: एप्रिलची दुपार. जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा. काचेच्या भांड्यात लालभडक पाणी.]

बीट चिरलं की हात रंगतात, हे घरातल्या कुणालाही सांगायला नको. या प्रयोगात मात्र तोच रंग पहिली अडचण ठरतो. सुरी चालली की वाटेतल्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग पाण्यात उतरतो. आपल्याला हव्यात न फुटलेल्या पेशी.

म्हणून कॉर्क बोररने बिटाच्या एकसारख्या कांड्या काढायच्या, त्यांच्या 2 मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या आणि पाणी बदलत बदलत त्या धूत राहायच्या. धुतलेलं पाणी जवळजवळ नितळ निघेपर्यंत हे काम चालतं. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे खोटे निघतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची बिटाची पेशी.]

बिटाचा लालजांभळा रंग बेटानिनचा. तो पेशीतल्या रिक्तिकेत साठलेला असतो. पाण्यात सहज विरघळतो, पण स्निग्ध पदार्थाच्या थरातून त्याला वाट मिळत नाही. बाहेर यायचं तर त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात, एक रिक्तिकेचं आणि दुसरं पेशीचं. त्यापुढची पेशीभित्तिका त्याला फारसं अडवत नाही. पटलं शाबूत असली की रंग आतच राहतो.

आता तापमान. पाच परीक्षानळ्या, प्रत्येकीत 10 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी. आधी पाणी ठरलेल्या तापमानाला येऊ द्यायचं, मग पाच-पाच चकत्या सोडायच्या आणि 15 मिनिटं मोजायची.

पुस्तकात पहिल्या नळीपुढे ‘कक्ष तापमान’ असं लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेतले काका टेबलावरच्या नळीला हात लावून हसतात, ‘‘पानी तर ऊन शे!’’ थर्मामीटर 38 अंश दाखवतो. खान्देशातल्या एप्रिलमध्ये ही नळी आणि 40 अंशांची नळी सख्ख्या बहिणीच! तुलना करायची कशाशी?

[दृश्य: व्हरांड्यातला माठ.]

माठातल्या पाण्याने अर्धं भरलेलं चंचुपात्र आणलं गेलं. त्यात नळी उभी केल्यावर पारा 27 वर आला. आपल्या मालिकेची सुरुवात इथून.

[दृश्य: पाच नळ्या ओळीने. डावीकडे जेमतेम गुलाबी, उजवीकडे गर्द.]

वेळ संपताच चकत्या चिमट्याने बाहेर. त्या आत राहिल्या तर रंग सुटतच राहील. नळी हलकेच उलटीसुलटी करायची, कारण सुटलेला रंग तळाशी रेंगाळतो.

कलरीमीटरमध्ये हिरवा फिल्टर लावला आहे, 540 नॅनोमीटरचा. लाल द्रावणाला लाल फिल्टर का नाही, असा प्रश्न दरवर्षी येतो. द्रावण लाल दिसतं, कारण ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. मोजायचं आहे ते शोषणच. आधी नुसत्या पाण्याचा क्युव्हेट ठेवून शून्य साधायचं. क्युव्हेट खडबडीत बाजूंनी धरायचा. नितळ बाजूवर बोटाचा ठसा उमटला, तर यंत्र त्यालाही रंग समजतं.

आजची रीडिंग अशी: 27 अंशांना 0.05, 40 ला 0.07, 50 ला 0.16. आणि 60 ला एकदम 0.62. पुढे 70 ला 0.94.

पहिला 0.05 हा धुऊनही उरलेल्या, कापताना फुटलेल्या पेशींचा रंग. खरी गोष्ट 50 आणि 60 च्या मध्ये घडली आहे. पटलातली प्रथिनं उष्णतेने आपली घडी सोडतात, स्निग्ध रेणू सैलावतात आणि पटलाला भगदाडं पडतात. नेमकं कुठे, हे या पाच आकड्यांतून कळणार नाही. त्यासाठी मधले 52, 54, 56, 58 अंशही घ्यावे लागतील.

एका विद्यार्थिनीने हौसेने 90 अंशांची नळी केली. ‘‘मॅडम, रीडिंग 70 पेक्षा कमी आलं!’’ पटल पुन्हा सांधलं गेलं का? नाही. नळीतलं पाणी बघा, चहासारखं तपकिरी पडलंय. एवढ्या उष्णतेत बेटानिनच मोडतं आणि हिरव्या फिल्टरला ते दिसेनासं होतं. आलेखाचा हा उतार पटलाबद्दल काहीच सांगत नाही.

[दृश्य: बूच लावलेल्या नळ्या. बर्नर विझवलेला.]

अल्कोहोलचा प्रयोग वेगळ्या टेबलावर. इथे उष्णता नको, सगळ्या नळ्या माठाच्याच पाण्यात. इथेनॉल 0 टक्के, मग 20, 40, 60. ते स्निग्ध थरात शिरून त्याची बांधणी विस्कटतं आणि प्रथिनांचीही घडी मोडतं, त्यामुळे न तापवताही रंग गळतो. या उन्हात इथेनॉल भराभर उडतं, म्हणून बुचं. आणि 40 टक्क्यांच्या नळीसाठी शून्य साधायचं ते 40 टक्के इथेनॉलवर, साध्या पाण्यावर नव्हे.

काकांनी 60 टक्क्यांतली एक चकती बाहेर काढून पांढऱ्या टाइलवर ठेवली. कडेला ती फिकट पडली आहे, मधोमध अजून लाल. पंधरा मिनिटांत तिच्या गाभ्यातला सगळा रंग बाहेर आलेला नाही.